नवीन लॅपटॉपवर कुठला गेम घेऊ? यादी मागायच्या आधी हे चार मुद्दे लिहून काढा

दिवाळीत माझ्या मावसबहिणीने लॅपटॉप घेतला आणि आठवड्याच्या आत मेसेज आला, "दादा, यावर खेळायला दोन-चार चांगले गेम सांग ना." मी उत्साहात मला आवडलेली दहा नावं पाठवून दिली. महिन्याने विचारलं तर एकही सुरू केलेला नव्हता, कारण दोन तिच्या लॅपटॉपवर चालणारेच नव्हते, तीन इतके मोठे की त्यांना हात लावायचीच भीती वाटली, आणि बाकीचे बघून तिला कळेनाच की यातला आधी कुठला. चूक माझी होती, कारण मी काही विचारलंच नव्हतं. मग मी तिला सांगितलं की मला चार गोष्टी नीट लिहून पाठव, मशीन, पैसे, वेळ आणि काय नको. त्या चार ओळींवरून तीन नावांची यादी निघाली आणि ती कामाला आली. कॉम्प्युटरवर कधी गेम खेळलेला नाही, मोबाईलवर फारतर कँडी क्रश किंवा लुडो, अशा माणसाने हे चार मुद्दे कसे लिहायचे आणि त्यातून यादी कशी काढायची ते इथे पायरीपायरीने सांगतो. तिचंच उदाहरण शेवटपर्यंत घेतोय.

पायरी १: मशीन नीट बघा, स्टिकर बघू नका

तिने पहिल्यांदा लिहिलं होतं, "आय-फाईव्ह आहे, नवीन आहे, चांगला आहे." गेमसाठी यातून काहीच कळत नाही, कारण गेमला प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स जास्त लागतं. विंडोज ११ वर `Ctrl + Shift + Esc` एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात `Performance` वर जा आणि डाव्या बाजूला खाली `GPU 0` वर क्लिक करा, उजवीकडे वर कोपऱ्यात ग्राफिक्सचं नाव दिसतं. `GPU 1` पण दिसत असेल आणि तिथे एनव्हिडियाचं वगैरे नाव असेल तर तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. एकच दिसत असेल आणि नावात इंटेल असेल तर ते प्रोसेसरच्या पोटातलंच ग्राफिक्स, म्हणजे इंटिग्रेटेड. चाळीस-पन्नास हजारातल्या बहुतेक ऑफिस-कॉलेजच्या लॅपटॉपमध्ये हेच असतं.

तिच्याकडे i5-1235U प्रोसेसर, ८ जीबी रॅम. गंमत अशी की या प्रोसेसरमध्ये आयरिस एक्सई नावाचं बऱ्यापैकी ग्राफिक्स असतं, पण तिच्या स्क्रीनवर नाव दिसत होतं `Intel(R) UHD Graphics`. तिला वाटलं दुकानदाराने फसवलं. तसं नव्हतं. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते लॅपटॉपची रॅमच वापरतं, आणि रॅमची एकच पट्टी बसवलेली असेल तर रॅमकडे जायचा रस्ता निम्मा अरुंद होतो. मग इंटेलचा ड्रायव्हर त्याच चिपला आयरिस एक्सई न म्हणता यूएचडी म्हणतो, आणि गेममध्ये वेगही खरंच बराच कमी मिळतो. तपासायचं असेल तर त्याच टास्क मॅनेजरमध्ये `Memory` वर जा, तिथे `Slots used: 1 of 2` असं दिसतं. एक स्लॉट रिकामा असेल तर तशीच दुसरी पट्टी टाकून घेता येते, मग रॅम १६ होते आणि रस्ताही रुंद होतो, आणि मी तर म्हणेन की पुढेमागे पैसे जमले तर कुठल्याही महागड्या गेमच्या आधी हे करा. काही बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथे हा मार्ग बंद. वॉरंटीतला लॅपटॉप स्वतः उघडायच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

आता हे कळलं की स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या ऑनलाईन दुकानात, गेमच्या पानावरची `Minimum`, म्हणजे कमीत कमी काय लागतं ती यादी वाचता येते. मी एक ढोबळ नियम वापरतो. ग्राफिक्सच्या ओळीत "१ जीबी व्हीआरॅम", "डायरेक्ट-एक्स १०", "इंटेल एचडी" असं काही असेल तर इंटिग्रेटेडवर बिनधास्त बघा. तिथे जीटीएक्स १०६० किंवा त्याच्या पुढच्या ग्राफिक्स कार्डाचं नाव दिसलं की तो गेम यादीतून काढा, "कमी सेटिंगवर चालेल कदाचित" या आशेवर पैसे घालू नका. मधले जे असतात, जुने जीटीएक्स ७५० वगैरे लिहिलेले, ते विकत घेऊन तपासायचे, ते कसं ते पुढे सांगतो. आणि मिनिममला ८ जीबी रॅम लिहिली असेल आणि तुमच्याकडे बरोब्बर ८ च असेल तर लक्षात ठेवा की त्या ८ मधूनच विंडोज खातं, त्यातूनच ग्राफिक्स घेतं, उरलेल्यात गेम. म्हणजे क्रोमचे वीस टॅब उघडे ठेवून खेळता येणार नाही.

पायरी २: पैसे लिहिताना एकूण लिहा आणि माऊस त्यातच धरा

"बजेट दोन हजार" असं तिने लिहिलं होतं. मी विचारलं, एका गेमचं का वर्षभराचं? त्यावर तिने विचार केला आणि म्हणाली, "एकदम दोन हजार घालवेन, पण मग मार्चपर्यंत नवीन काही घेणार नाही." हे असं लिहा, कारण दोन हजारात एक मोठा गेम येतो किंवा छोटे चार-पाच, आणि या दोन्ही याद्या पूर्ण वेगळ्या असतात.

त्या दोन हजारातून पहिले पाचशे माऊसचे बाजूला काढा. टचपॅडवर पत्ते किंवा कोडी खेळता येतात, पण ज्या गेममध्ये कॅमेरा फिरवायचा असतो तिथे एक बोट टचपॅडवर सरकवत दुसऱ्या हाताने चालायचं हे होतच नाही, आणि नवीन माणसाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. साधा वायरचा माऊस पुरतो, लाईटवाला गेमिंग माऊस नको.

उरले दीड हजार. ते सगळे पहिल्या दिवशी खर्च करायचे नाहीत. स्टीमवर भारतातल्या किमती रुपयात दिसतात, यूपीआयने पैसे भरता येतात, आणि वर्षातून दोन मोठे सेल ठरलेले असतात, एक जूनच्या शेवटाला सुरू होणारा आणि एक डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालणारा. पाच-सात वर्षं जुना गेम या सेलमध्ये अर्ध्या किमतीला किंवा त्याहून खाली येतो. गेमच्या पानावर विशलिस्टचं बटण असतं, ते दाबून ठेवा म्हणजे किंमत उतरली की ईमेल येतो. एपिक गेम्स स्टोअरवर दर गुरुवारी रात्री (आपल्याकडे साडेआठ-साडेनऊच्या सुमारास) एखादा गेम फुकट मिळतो, त्या आठवड्यात अकाउंटवर घेऊन ठेवला की तो कायमचा तुमचा. मात्र फुकट आहे म्हणून यादीत घालू नका, यादीत तो पुढच्या दोन पायऱ्यांतून पास झाला तरच येतो.

एका गोष्टीपासून लांब राहा. निम्म्याहून कमी किमतीत कोड विकणाऱ्या साईट असतात. मी सुरुवातीला एका अशा साईटवरून कोड घेतला होता, पैसे गेले, कोड आधीच कोणीतरी वापरलेला निघाला, आणि तक्रारीला उत्तर आलंच नाही. त्यापेक्षा दोन महिने थांबून सेलमध्ये घेतलेलं बरं.

पायरी ३: आठवड्याचे तास नाही, एका बैठकीची मिनिटं लिहा

हा मुद्दा लोक सगळ्यात घाईत उरकतात आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. "आठवड्याला चार तास" असं तिने लिहिलं. आता रविवारी दुपारी सलग चार तास असणारा माणूस आणि पोरगी झोपल्यावर रोज रात्री पस्तीस मिनिटं मिळणारी आई, दोघांचे तास सारखेच पण गेम वेगळे. तिचे दुसऱ्या प्रकारचे होते, आणि वर मधेच मुलगी उठली तर जागेवरून उठावं लागणार. म्हणून तिच्यासाठी पहिला प्रश्न असा, की हा गेम मधेच बंद केला तर काय जातं?

प्रत्येक गेमचं याचं उत्तर वेगळं असतं. काही गेम कुठेही सेव्ह होतात. पोर्टलमध्ये `F6` दाबलं की त्या क्षणाला सेव्ह, `F9` दाबलं की परत तिथेच. हेडीजमध्ये एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाता, मधे बंद केलं तर त्या खोलीच्या सुरुवातीपासून, म्हणजे फारतर दोन-तीन मिनिटं वाया. हॉलो नाईटमध्ये ठरावीक बाकांवर बसलं की तिथून पुढे सुरुवात, आणि ते बाक कधीकधी लांब लांब असतात. स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्ये खेळातला दिवस संपवून झोपल्यावरच सेव्ह होतं, मधे बंद केलं तर तो अख्खा दिवस गेला. आणि वॅलोरंट, काउंटर-स्ट्राईक सारख्या ऑनलाईन मॅचमध्ये पॉज नाहीच, अर्धा-पाऊण तास बसायचं म्हणजे बसायचं, उठलात तर तुमच्या टीममधल्या बाकीच्या चौघांचा खेळ बिघडतो आणि तुम्हाला दंड म्हणून काही वेळ खेळू देत नाहीत. ते फुकट आहेत म्हणून नवीन माणूस तिथेच पहिला जातो, आणि ज्याच्या घरी लहान मूल आहे त्याला ते जमणं अवघड.

स्टारड्यूचा हिशोब करून दाखवतो कारण असा हिशोब कुठल्याही गेमचा करता येतो. त्यातला दिवस सकाळी ६ ला सुरू होतो, रात्री २ ला सक्तीने संपतो, म्हणजे २० तास, आणि खेळातली १० मिनिटं म्हणजे आपले साधारण ७ सेकंद. गुणाकार केला तर एक दिवस सुमारे १४ मिनिटांचा. म्हणजे पस्तीस मिनिटांत दोन दिवस आरामात होतात आणि दोन्ही सेव्ह होतात. एक ऋतू २८ दिवसांचा, चार ऋतूंचं वर्ष ११२ दिवसांचं, म्हणजे सुमारे २६ तास. आठवड्याला चार तास खेळणाऱ्याला एक वर्ष खेळायला साडेसहा आठवडे लागतील. हे बैठकीत बसतंय आणि बजेटलाही परवडतंय. याउलट विचर ३ ची नुसती मुख्य गोष्ट पन्नास तासांच्या आसपास जाते, त्यात दहा दिवसांचा खंड पडला की कोण कोणाचा कोण आणि कुठलं बटण कशाचं हे आठवत नाही. गेम उत्तमच आहे, पण आठवड्याला चार तासवाल्याचा पहिला गेम तो नाही. किती तास लागतात ते हाऊ लाँग टू बीट या साईटवर दिसतं, तिथला आकडा नवीन माणसाने दीडपट धरावा.

पायरी ४: काय नको ते प्रकाराच्या नावाने लिहू नका, प्रसंग लिहा

आवडीपेक्षा नावडीवरून यादी जास्त लवकर छोटी होते. ज्याने कधी खेळलेलंच नाही त्याला काय आवडेल हे सांगता येत नाही, पण काय सहन होत नाही हे नक्की सांगता येतं. मात्र "ॲक्शन नको, हॉरर नको" असं लिहिलं तर समोरच्याला त्यातलं नेमकं काय नको ते कळत नाही. मारामारी नको म्हणजे रक्त नको? का पटापट बटणं दाबणं नको? पटापट दाबणं नको असेल तर इनटू द ब्रीच सारखा, बुद्धिबळासारखा आठ बाय आठच्या पटावर एकेक चाल करायचा गेम चालेल, त्यात मारामारी आहे पण विचार करायला हवा तेवढा वेळ आहे.

तिने पहिल्यांदा लिहिलं होतं: "भूत नको, अवघड नको, बोअर नको." यातलं बोअर तर मी काढूनच टाकलं, कारण मुद्दाम बोअर गेम कोणीच सुचवत नाही. मग म्हटलं, मोबाईलवर किंवा भाच्याच्या प्लेस्टेशनवर कधीतरी खेळायला बसलीस आणि वैतागून ठेवून दिलंस, तेव्हा नेमकं काय झालं होतं ते सांग. त्यावर जे आलं ते असं होतं, आणि मी ते जवळजवळ तसंच ठेवलं:

> लॅपटॉप: i5-1235U, `Intel(R) UHD Graphics`, ८ जीबी रॅम, एक स्लॉट रिकामा. माऊस घ्यायचाय.
> पैसे: माऊस धरून २,०००, मार्चपर्यंत एवढेच.
> वेळ: रात्री ३०-४० मिनिटं, आठवड्यात पाच-सहा दिवस, मधेच उठावं लागतं.
> अजिबात नको: मेलं की तोच रस्ता पुन्हा चालत यायचं. अनोळखी माणसांबरोबर ऑनलाईन. अचानक काहीतरी अंगावर येणं.
> फारसं नको: घड्याळ लावून घाई करायला लावणं. पानंच्या पानं इंग्रजी वाचायला लागणं.

"अजिबात नको" आणि "फारसं नको" असे दोन भाग पाडले हे महत्त्वाचं, कारण सगळ्याच नावडी कडक ठेवल्या तर यादी रिकामी होते. कडक नावडी तीनच्या वर जाऊ देऊ नका.

पायरी ५: चाळणी लावा आणि तीनवर थांबा

आता माझी जुनी दहा नावं मी या चिठ्ठीवरून चाळली. वॅलोरंट गेला, ऑनलाईन आणि पॉज नाही. हॉलो नाईट गेला, अतिशय सुंदर आहे तरी त्यात मेलं की शेवटच्या बाकापासून परत चालत यायचं असतं, ही तर तिची पहिलीच ओळ. हेडीजवर मी बराच वेळ अडलो. त्यात मरणं हाच गोष्टीचा भाग आहे, प्रत्येक मरणानंतर लोक नवीन काही बोलतात, आणि गॉड मोड चालू केला तर २० टक्के मार कमी लागतो, पुढे प्रत्येक मरणाला आणखी २ टक्के कमी होत जातो, ८० पर्यंत. पण शेवटी मेलं की पहिल्या खोलीपासूनच, म्हणून काढला. स्वतःला आवडलेला गेम तिच्या चिठ्ठीत बसवायचा मोह होतो तो इथे. विचर ३ वेळेत आणि मशीनमध्ये बसत नव्हता, सिव्हिलायझेशन ६ वेळेत बसत नव्हता. बाकीचेही असेच एकेका ओळीवर गेले, आणि दहातून दोनच राहिले, पोर्टल आणि स्टारड्यू व्हॅली. तिसरा मी नवीन शोधला.

तो म्हणजे अ शॉर्ट हाईक, २०१९ चा. एक छोटा पक्षी बेटावरच्या डोंगराच्या टोकापर्यंत चढत जातो एवढीच गोष्ट. मरण नाही, कड्यावरून पडलं तरी काही होत नाही, शत्रू नाहीत, घड्याळ नाही, वाटेत भेटणारे दोन-चार ओळी बोलतात. सरळ गेलं तर दीड-दोन तासांत संपतो, रमतगमत गेलं तर दुप्पट. आकाराने एक जीबीपेक्षा कमी आणि इंटिग्रेटेडवर मस्त चालतो. नवीन माणसाचा पहिला गेम म्हणून मला याहून चांगला सुचत नाही, कारण कीबोर्डने चालणं, उडी मारणं, उडत खाली येणं हे हाताला न घाबरता बसतं.

स्टारड्यू व्हॅली २०१६ चा, एकट्या एरिक बरोनने बनवलेला, आजोबांचं जुनं शेत सांभाळायचं. मशीनवर काहीच ताण नाही, वेळेचा हिशोब वर केलाच. फक्त तिची "फारसं नको" मधली घड्याळाची ओळ इथे आडवी येते, कारण दिवस सतत पुढे सरकत असतो. पोर्टल २००७ चा, कोड्यांचा, भिंतीवर दोन दारं काढायची आणि एकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर यायचं. तीन-चार तासांचा, मेलं तरी काही सेकंद मागून सुरू, `F6` आहेच. अडचण अशी की तो डोळ्यांच्या जागेवरून दिसतो आणि त्या दारांतून उलटंपालटं पडताना काही लोकांना गाडी लागल्यासारखं मळमळतं. हे कोणालाच आधी सांगता येत नाही, करून बघावं लागतं.

तीन नावं पुरतात. दहा दिली की माणूस एकही सुरू करत नाही, हे मी बघितलंय. पण प्रत्येक नावापुढे "यात तुला हे खटकू शकतं" अशी एक ओळ लिहा. ती ओळ शोधायला गेमच्या पानावरचे फक्त नापसंतीचे रिव्ह्यू वाचा, स्टीमवर तसा फिल्टर आहे. दहा-बारा वाचले की तक्रारींचा सूर कळतो. "खूपच छोटा आहे" ही तक्रार तिच्यासाठी चांगली बातमी होती, "सारखं तेच तेच करावं लागतं" ही मात्र थांबून विचार करायला लावणारी.

पायरी ६: एक घ्या, दोन तासांच्या आत ठरवा

स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात, कारण "आवडला नाही" एवढं पुरतं. यादीतला गेम तपासायची हीच सोय. पण ते दोन तास गेम उघडा असतो तेवढा सगळा वेळ धरून मोजतात, मेन्यूवर ठेवून तुम्ही पोळ्या लाटायला गेलात तरी ती मिनिटं चालूच. म्हणून उठताना गेम पूर्ण बंद करा. आणि सेलमध्ये तीन एकदम घेऊन ठेवू नका, कारण पहिला खेळेपर्यंत बाकीच्यांचे १४ दिवस संपतात. घेतल्यावर दोन-तीन दिवसांत तोच गेम सेलमध्ये उतरला तर परत करून पुन्हा स्वस्तात घेतलेलंही स्टीमला चालतं, तसं त्यांनी नियमातच लिहिलंय.

पहिल्या बैठकीत असं करा. लॅपटॉप टेबलावर, चार्जर लावलेला, गादीवर किंवा उशीवर अजिबात नाही, कारण खालची जाळी बंद झाली की चिप तापते आणि स्वतःचा वेग उतरवते, मग पहिली दहा मिनिटं मस्त आणि नंतर अडखळत असं होतं. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन `1280 x 720` वर आणा, इंटिग्रेटेडला हा एकच बदल सगळ्यात जास्त मदत करतो. मग वीस मिनिटं खेळून बघा. सुरुवातीला एखाद-दोनदा अडखळलं तर सोडून द्या, नवीन जागा पहिल्यांदा लोड होताना ते होतं. वीस मिनिटांनीही कॅमेरा फिरवताना चित्र तुटत असेल तर तो मशीनचा प्रश्न, परत करा. चित्र नीट आहे पण तुम्हीच वैतागताय, तर का वैतागताय ते एका ओळीत लिहून ठेवा, पुढची यादी त्यातूनच सुधारते.

तिने आधी अ शॉर्ट हाईक घेतला. चार रात्रीत संपला. टोकावर पोचली त्या रात्री पावणेबाराला मला फोन, "दादा, झालं! आता काय?" मग स्टारड्यू. तिथे पन्नास मिनिटांतच मेसेज आला की झाडांना पाणी घालून होत नाही तोवर संध्याकाळ होते, मासे पकडायला गेले तर मासा सुटतो आणि रात्र होते, दिवसभराची ऑफिसची धावपळ पुरे नाही का. मी सांगितलं की मासे पकडायचा सोपा गळ तिथल्या दुकानात खेळातल्या २५ नाण्यांना मिळतो, आणि सामानाची पेटी उघडली की घड्याळ थांबतं. तिने अजून एक रात्र बघितलं आणि म्हणाली नाही, घड्याळ दिसलं की खांदे आखडतात. मग `help.steampowered.com` वर जाऊन, खरेदीच्या यादीत तो गेम निवडून, `I would like a refund`. मंजुरी दुसऱ्या दिवशी आली, पैसे खात्यात यायला अजून काही दिवस लागले. स्टीम वॉलेटमध्ये मागितले तर लवकर येतात, पण मग ते तिथेच खर्चावे लागतात.

चिठ्ठीत तिने घड्याळाची ओळ "फारसं नको" मधून उचलून "अजिबात नको" मध्ये टाकली. त्याबरोबर यादीत एक जागा रिकामी झाली, तिथे मी मिनी मेट्रो टाकला, रेल्वेच्या नकाशासारख्या रेघा ओढून माणसं पोचवायची. त्यातही गर्दी वाढत जाते, पण स्पेसबार दाबला की सगळं थांबतं आणि थांबलेल्या अवस्थेत रेघा ओढता येतात, शिवाय एंडलेस प्रकारात हरायचंच नसतं. त्यात मुंबईचाही नकाशा आहे, सुरुवातीला कुलूप असतं, आधीची शहरं खेळून तो उघडावा लागतो. सध्या ती तिथपर्यंत पोचायच्या मागे आहे. पोर्टल विशलिस्टमध्ये टाकून ठेवलाय, डिसेंबरच्या सेलला घेणार, आणि आधी अर्धा तास फक्त मळमळतं का ते बघणार.